आमची वाटचाल: एक लेटरहेड, एक ईमेल सही आणि image001.png

आमचा छोटा डिझाइन स्टुडिओ दोघांनी सुरू केला आणि पुढे तो माझ्या एकट्याच्या अंगावर पडला. मधली बरीच वर्षे सुरळीत गेली, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते एका लहान अकाउंटिंग फर्मच्या कामाविषयी, कारण त्या कामाने आम्ही जवळजवळ बुडालो होतो.

फर्मच्या ज्येष्ठ भागीदारांची मागणी साधी होती : छापील पत्र आणि ईमेल एकाच घरातून आल्यासारखे दिसावे. आम्ही आधी लेटरहेड केले. गडद हिरवा रंग, १०० जीएसएमचा बाँड कागद, फर्मचे नाव एका नाजूक, विकत घेतलेल्या फॉन्टमध्ये आणि नावाखाली पाव पॉइंटची रेघ. मग त्याच मांडणीचे एकसंध पीएनजी चित्र काढून ते ईमेलखाली सही म्हणून लावले. पडद्यावर दोन्ही तंतोतंत जुळत होते आणि मी समाधानाने बिल पाठवले.

सुमारे दीड महिन्याने ज्येष्ठांनी मला बोलावले आणि न रागावता आपला इनबॉक्स दाखवला. एका अशिलाशी चाललेल्या बारा मेलच्या मालिकेत प्रत्येक मेलला जोडणीची खूण होती. ताळेबंद असलेला मेल एकच होता. बाकी सगळीकडे image001.png, म्हणजे आमची सही. हिशेबाचे काम जोडलेल्या कागदांवरच चालते, तेथे ही खूणच निकामी झाली होती. काही अशिलांच्या मेल प्रोग्रॅमने चित्रे अडवून ठेवल्यामुळे त्यांना सहीच्या जागी रिकामी चौकट दिसत होती आणि चित्रातला दूरध्वनी क्रमांक कुणालाही कॉपी करता येत नव्हता. छापील पत्राचीही तीच गत होती : झेरॉक्स आणि काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये ती पाव पॉइंटची रेघ तुटक होऊन नाहीशी होत असे.

त्याच आठवड्यात माझा पूर्वीचा भागीदार, जो तोवर स्वतंत्र व्यवसाय थाटून बसला होता, ज्येष्ठांकडे जाऊन ‘यांना छपाईपलीकडचे काही कळत नाही’ असे सांगून आला. हे त्याने मला समोर सांगितले असते तर मी मान्य केले असते. गिऱ्हाइकाला सांगितले, हे मी विसरलेलो नाही. त्या फर्मने ओळख करून दिलेली आणखी तीन कामे तेव्हा थांबली आणि स्टुडिओ बंद करावा का, असा हिशेब मी एका रात्री खरोखर मांडला. ज्येष्ठांनी मात्र काम काढून घेतले नाही. ‘आकडा चुकला तर पान फाडायचे नाही, दुरुस्त करायचे,’ एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेस मी उलट्या टोकाने सुरुवात केली. ईमेलमध्ये जे टिकते तेच आधी ठरवले आणि लेटरहेड त्याच्या मागून नेले. सहीतले चित्र काढून टाकले आणि ती साध्या टेबलमध्ये बसवली, कारण विंडोजवरील जुने आउटलुक मेल दाखवायला वर्डचेच इंजिन वापरते आणि आधुनिक मांडणी मोडून टाकते. आधीचा नाजूक फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर नसणारच, म्हणून नावासाठी विंडोज आणि मॅक दोन्हींवर सहज सापडणारा जॉर्जिया घेतला आणि लेटरहेडही त्याच फॉन्टमध्ये पुन्हा जुळवले. नावाखालच्या रेघेऐवजी नावाच्या डावीकडे एक उभी पट्टी आली :

```
<td style="border-left:3px solid #1F4E3D;
 padding-left:12px;
 font-family:Georgia,serif;">
```

तीन पिक्सेल म्हणजे नेहमीच्या हिशेबाने सुमारे ०.८ मिलिमीटर, म्हणून कागदावरची पट्टी तेवढीच ठेवली. ती झेरॉक्समध्येही टिकते. रंगाला मात्र वेळ लागला. बाँड कागद शाई शोषतो, त्यामुळे पडद्यावरचा हिरवा छापल्यावर मंद दिसतो. मी नमुना छापून पूर्ण सुकू दिला, उजेडात पडद्याशेजारी धरला आणि कागदाचा पिच्छा सोडून पडद्यावरचाच हिरवा एक पायरी मंद केला. गडद पार्श्वभूमीवर काही मेल प्रोग्रॅम रंग आपल्या मर्जीने बदलतात. त्यावर आपला ताबा नाही, हे मी ज्येष्ठांना आधीच सांगून टाकले.

ओळींचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवला : व्यक्तीचे नाव, हुद्दा, फर्म, दूरध्वनी. लेटरहेडवर व्यक्तीचे नाव पत्राच्या शेवटी येते, म्हणून तेथेही तीच पट्टी लहान आकारात दिली, आणि खरे साम्य तेथेच डोळ्यांत भरते. विचारले नसताना सांगतो : उत्तरादाखल जाणाऱ्या मेलसाठी नाव आणि दूरध्वनी एवढीच दोन ओळींची वेगळी सही ठेवा, नाहीतर दहाव्या उत्तरापर्यंत मजकुरापेक्षा सह्याच जास्त होतात.

थांबलेल्या तीन कामांपैकी दोन परत आली. मागच्या महिन्यात माझ्या जुन्या भागीदाराचा एका जुन्या येणे रकमेबाबत मेल आला. त्याला जोडणीची खूण होती, म्हणून मी हिशेबाचा कागद असेल या अपेक्षेने ती उघडली. आत image001.png होते.