कूलरच्या टाकीतली ब्लीचिंग पावडर आणि निळा कुर्ता

मे महिन्यात नागपुरात कूलर साफ करताना कपडे बिघडतातच. टाकीतलं शेवाळ काढायला ब्लीचिंग पावडर टाकतात, तिचे शिंतोडे अंगावर उडतात. रंगाच्या दुकानात आलेला हा गडद निळा सुती कुर्ताही त्यातलाच. पोटापासून घेरापर्यंत पाच-सहा डाग, नारिंगी-गुलाबी. दोन डागांवर घरच्या कोणीतरी मार्कर पेन फिरवलं होतं. असं करणाऱ्यांचे हात बांधावेत. ती शाई निघता निघत नाही आणि खाली रंगही धरू देत नाही. ती स्पिरिटच्या बोळ्यानं जेवढी निघाली तेवढी काढली.

"भाऊ, पुरा काळाच करून टाका ना जी," गिऱ्हाईक म्हणालं. काळ्यातही डाग वेगळा दिसतो, कारण त्याच्या तळाचा रंगच वेगळा असतो. शिवाय शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा, तो सुती रंग घेत नाही. काळ्या कुर्त्यावर निळे टाके राहिले असते.

आधी कापडात उरलेलं ब्लीच निकामी करायचं. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पंधरा मिनिटं भिजवून स्वच्छ धुवायचं. हे टाळलं तर नवा रंगही फिका पडतो. व्हिनेगर मात्र नको. ब्लीचशी मिसळलं की त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आता रंग. डबीतला गडद निळा डागावर लावला की तपकिरी-जांभळट छटा येते. या कापडाचा निळा भाग उडाला होता, लालसर तळ राहिला होता. म्हणून जे गेलं तेवढंच परत द्यायचं: निळ्यात थोडा मोरपंखी, लाल अजिबात नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंग एक ग्रॅम, पाणी पन्नास मिली, एक चमचा युरिया, आणि पसरू नये म्हणून चिमूटभर अल्जिनेट. धुण्याचा सोडा पाव चमचा, तोही लावायच्या वेळी. तो पडला की रंगाची ताकद काही तासांत संपते. आधी घेरावरच्या छोट्या डागावर चाचणी घेतली आणि वाळल्यावर दारात, उन्हात पाहिली. ओला रंग नेहमी गडद वाटतो, आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला निळा बाहेर जुळेलच असं नाही.

बारीक ब्रशनं मधून कडेकडे जायचं आणि काठाच्या केसभर आधी थांबायचं. काठ ओलांडला तर गडद कडं उमटतं. मग पॉलिथिनमध्ये गुंडाळून रातभर. नागपूरच्या उन्हाळ्यात उघडं ठेवलं तर अर्ध्या तासात कोरडं होतं, आणि कोरड्या सुतावर रंग पक्का होत नाही. सकाळी थंड पाण्यानं, नंतर गरम साबणाच्या पाण्यानं, पाणी निर्मळ होईपर्यंत धुतलं.

हातभरावरून चार डाग सापडत नव्हते. मार्करचे दोन थोडे फिके राहिले.

खिशाजवळच्या डागाचं मात्र अजून डोक्यात आहे. तिथं पावडरचा अख्खा खडाच बसला असावा. हलकं ताणलं तरी धागे कुरकुरत होते. रंग बरोबर बसला, पण जळलेल्या सुताला रंगानं बळ येत नाही. आतून अस्तराचा तुकडा लावून घ्या म्हटलं, तर ते म्हणाले, "दिसत तर नाही ना, मग राहू द्या."