आमची वाटचाल : नोंदणीची तारीख मागे मोजताना

सोलापुरात परिषदा, माजी विद्यार्थी मेळावे, समाजाची अधिवेशनं यांची व्यवस्था पाहणं हे आमचं काम. सुरुवातीला नोंदणीची शेवटची तारीख आयोजक ठरवायचे आणि आम्ही ती पत्रिकेवर छापायचो. आता काम घेतानाच ती आम्ही ठरवतो, कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजून.

समजा, कार्यक्रम रविवारी आहे. केटररला पानांचा पक्का आकडा बुधवारी संध्याकाळी लागतो. आमटी-भात ऐनवेळी वीस-पंचवीस पानांनी वाढवता येतो, पण शेंगापोळी नगावर चालते. माणशी दोन धरल्या तर चाळीस पानांमागे ऐंशी पोळ्या वाढतात. तेवढे शेंगदाणे भाजून कूट करायचं, गूळ आणायचा, लाटायला हात वाढवायचे, आणि हे सगळं आदल्या दिवशी उरकायचं. कडक भाकरी तर वाळायलाच वेळ घेते, म्हणून तिचा आकडा आणखी आधी द्यावा लागतो.

नावाचे बिल्ले छापायला छापखान्याला यादी मंगळवारी सकाळी हवी. फॉर्ममधली युनिकोड नावं छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. त्यामुळे प्रूफ वाचायला एक दिवस जातो, मग छपाई, लॅमिनेशन, कटिंग. एका शीटवर डझनभर बिल्ले बसतात. मागाहून एक नाव आलं तरी पूर्ण शीट आणि पुन्हा कटिंग.

मग सोमवारी रात्री नोंदणी बंद केली तर चालेल, असं वाटतं. चालत नाही. पैसे मुलाच्या मोबाइलवरून येतात, नोंदणी वडिलांच्या नावे असते, एकाच रकमेत चौघांची फी असते. हा मेळ घालायला रविवार-सोमवार दोन्ही लागतात. म्हणून मुदत आदल्या शनिवारी रात्री आठला संपते. त्या वेळी फॉर्म बंद करून यादीची वेगळी प्रत काढतो आणि पुढचं काम त्याच प्रतीवर चालतं.

त्या प्रतीत 284 नावं असतील, तर केटररला 284 सांगायचं नाही. स्वयंसेवक 18, वक्ते 8, ध्वनिव्यवस्था, फोटोग्राफर आणि गाडीचालक मिळून 10, म्हणजे 320 पानं होतात. हे शेवटचे दहाजण हमखास राहून जातात. काही नोंदणीदार येत नाहीत, म्हणून हमीचा आकडा आम्ही 305 देतो आणि वरची पंधरा पानं तयार ठेवायला सांगतो. हमीपेक्षा कमी पानं उठली तरी पैसे हमीचेच द्यावे लागतात, म्हणून ही फोड करारात लिहून घेतो.

मुदतवाढ आम्ही देत नाही. एकदा दिली की पुढच्या वर्षी लोक मुदतवाढीचीच वाट पाहतात. उशिरा येणाऱ्याला दार बंद नसतं, पण फी जास्त पडते आणि छापील नावाऐवजी कोऱ्या बिल्ल्यावर मार्करने नाव लिहून मिळतं. असे वीस कोरे बिल्ले पहिल्याच छपाईत काढून घेतो. जेवणात अशांची भर शुक्रवारी दुपारपर्यंत घालता येते, आणि तीही त्या पंधरा पानांच्या आतच.