माझा फोन मामींच्या हातात, मामांचा फोन मामांच्या हातात

माझे मामा चोपडा तालुक्यात केळी करतात. केळीच्या कापणीचे निरोप आता व्हॉट्सअॅपवर येतात. गाडी कधी येणार, आजचा भाव काय, माणसं किती, सगळं ग्रुपवरच. गेल्या महिन्यात 'उद्या सकाळी सहाला गाडी' हा निरोप रात्री आला आणि मामांनी तो सकाळी साडेसातला पाहिला. फोन उशाशीच होता, पण वाजलाच नाही. व्हॉट्सअॅप उघडल्यावर सगळे निरोप एकदम आले.

हे ऐकताच कारण लक्षात आलं. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन बराच वेळ न उघडलेल्या अॅपला मागे झोपवून ठेवतात. मग निरोप येतो, पण अॅप उघडेपर्यंत कळत नाही. त्या एका अॅपवरची बंधनं काढावी लागतात. मी धुळ्यात राहतो, त्यामुळे लगेच जाणं शक्य नव्हतं. मामांना व्हिडिओ कॉल लावला आणि माझा स्क्रीन शेअर केला. व्हॉट्सअॅपमध्ये ही सोय 2023 पासून आहे. शेअर करण्याआधी माझ्या फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावून ठेवलं, कारण शेअर चालू असताना वर येणारा प्रत्येक मेसेज समोरच्यालाही दिसतो.

मी व्हॉट्सअॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं, `App info` उघडलं, त्यात `Battery`, आणि तिथे `Unrestricted`. सेटिंगच्या जंगलात शिरण्यापेक्षा हा रस्ता जवळचा.

"दिसलं का मामा?"

"दिसलं रे भो. आते काय करू?"

"आता तुमच्या फोनवर असंच करा."

त्यांनी होमचं बटण दाबलं आणि माझा स्क्रीन कोपऱ्यात काडेपेटीएवढा झाला. पाहायचं आणि करायचं, दोन्ही एकाच फोनवर. मी दोनदा पुन्हा दाखवलं, दोन्ही वेळा ते अर्ध्यात विसरले. यात त्यांची चूक नव्हती. जे समोरून नाहीसं होतं ते ध्यानात ठेवून करणं मलाही जमलं नसतं.

मग मी मामींना कॉल लावला. मामींच्या फोनवर माझा स्क्रीन, मामांचा फोन मामांच्या हातात. मामींनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि काम पुढे सरकलं. एक सवय मला लावून घ्यावी लागली. माझं दाबणं त्यांच्याकडे क्षणभर उशिरा पोचत होतं, म्हणून दाबल्यावर मी गप्प बसायचो आणि मामांनी "आलं" म्हटल्यावरच पुढे जायचो. आधी मी बोलत पुढे जात होतो, त्यामुळे ते मागच्या पानावर माझे पुढचे शब्द शोधत होते.

तरी `Unrestricted` त्यांना सापडेना. आमचे फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यामुळे एकाच गोष्टीला नावं वेगळी. आता मला त्यांचा स्क्रीन बघणं भाग होतं. मी म्हटलं, "मामा, आता तुमचा स्क्रीन शेअर करा." तेवढ्यात मामी म्हणाल्या, "बँकेत सांगितलंय, फोन असा कोणाला दाखवायचा नाही."

मामी बरोबर होत्या. फसवणारे हेच करायला लावतात आणि वर आलेला ओटीपी वाचून घेतात. मी सख्खा भाचा असलो तरी त्यांच्या सावधपणाला धक्का लावायचा नव्हता. मी माझं शेअर थांबवलं आणि मामींना मागचा कॅमेरा चालू करून मामांच्या फोनवर धरायला सांगितलं. ट्यूबलाइटची चमक येत होती. मामांनी फोन जरा तिरका केला आणि अक्षरं स्वच्छ वाचता आली. त्यात हेही बरं की कॅमेरा बाजूला घेतला की दाखवणं बंद. बँकेचा मेसेज आलाच तर मामींनी नुसता हात हलवायचा.

त्यांच्याकडे `Battery saver` असं नाव होतं आणि आत `No restrictions`. ते निवडलं. मागच्या `App info` च्या पानावर `Autostart` नावाचं वेगळं बटण बंद दिसलं. ते माझ्या फोनवर नाहीच, म्हणजे माझा स्क्रीन दिवसभर दाखवूनही ते त्यांना कळलं नसतं. तेही चालू केलं.

सेटिंग बदलली म्हणून काम झालं असं मी धरलं नाही. मामांना म्हटलं, फोन लॉक करून बाजूला ठेवा, तासभर हात लावू नका. लगेच निरोप पाठवून उपयोग नव्हता, कारण अॅप नुकतंच उघडलेलं असताना तो वाजतोच. तासाभराने मी एवढंच लिहिलं, 'गाडी आली'.

मिनिटभरात मामांचा साधा फोन आला. "वाजला रे!" मागून मामींचा आवाज आला, "आता माझ्या फोनचंही करून दे."

त्यांच्यासाठी रविवारी पुन्हा कॉल करायचा आहे. त्या वेळी कॅमेरा मामा धरतील.