पळताना बरगडीखाली कळ का येते?

"सर, दुसऱ्या राउंडला उजवीकडं बरगडीखाली कळ येतीय ओ. माझा दम कमी पडतोय का?"

नाही, बहुतेक वेळा दमाचा दोष नसतो. सोलापूरच्या पार्क मैदानावर सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं हे विचारतात, तेव्हा माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: पळायच्या आधी काय प्यायलास, आणि किती वाजता?

परवा विचारणाऱ्या पोराचं उत्तर ऐका. पाच वाजता दूध-केळ्याचं शिकरण, साडेपाचला ग्लुकोज पावडर टाकून अर्धा लिटर पाणी, आणि सहाला 1600 मीटर. ताकद यावी म्हणून पावडर दाट कालवलेली. पहिला राउंड बरा गेला, दुसऱ्यात कळ आली.

पोटाच्या आतल्या भिंतीला एक पातळ पडदा असतो, पेरिटोनियम. त्याचा भिंतीला चिकटलेला बाहेरचा थर फार हळवा असतो. दुखलं की नेमकं कुठं ते बोटानं दाखवता येतं, आतड्याच्या दुखण्यासारखं मोघम नसतं. पोट भरलेलं असलं की जठर फुगतं, धावताना प्रत्येक पावलाला आतले अवयव हलतात आणि हा पडदा घासला जाऊन चिडतो, असं सध्याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे. शेवटचा निकाल अजून लागलेला नाही. काहींना कळीबरोबर खांद्याच्या टोकाशीही दुखतं, तेही यात बसतं, कारण श्वासपटलाखालच्या पडद्याची नस खांद्याच्या संवेदनेशी जोडलेली आहे.

पूर्वी म्हणायचे, श्वासपटलाला रक्त कमी पडतं म्हणून कळ येते. पण ऑस्ट्रेलियातल्या मॉर्टन आणि कॅलिस्टर यांनी 2000 साली केलेल्या पाहणीत दहापैकी सुमारे सात धावणाऱ्यांनी वर्षभरात अशी कळ आल्याचं सांगितलं, आणि घोडेस्वारांतही दहापैकी सहा जणांनी. घोड्यावर बसणाऱ्याला कुठं एवढा दम लागतो! धक्के मात्र भरपूर बसतात. म्हणून मी दमाला बाजूला ठेवतो.

दाट गोड पाणी साध्या पाण्यापेक्षा जठरातून हळू पुढं सरकतं, त्यामुळं जठर जास्त वेळ भरलेलं राहतं. डब्यातला फळांचा रस, उसाचा रस, पावडर दाट कालवलेलं पाणी, सगळ्यांची तीच गत. त्या पोराला मी एवढंच सांगितलं: शिकरण धावून झाल्यावर खा, पावडर बंद, उठल्यावर थोडं साधं पाणी पी आणि मैदानावर लागलंच तर घोटभर. मोठं जेवण असेल तर दोन तास मोकळे ठेव. 1600 मीटरला काही मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी साखर लागत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी तोडू नका मात्र. ते आदल्या संध्याकाळपासून थोडं थोडं प्या, सुरुवातीच्या रेषेवर घटाघटा नको. पोरानं तसं केलं, पुढच्या आठवड्यात कळ आली नाही. एका पोरावरून सिद्ध काहीच होत नाही, त्यातून त्यानं सगळं एकदम बदललं. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे आपलं कारण आपल्याला सापडतं. पाणी आणि जेवण बदलूनही कळ येत राहिली तर पाठ बघा. वाकून, खांदे पुढं पाडून धावणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो असं दिसलंय.

आता मध्येच कळ आली तर? वेग उतरवा. दुखतंय तिथं दोन बोटं खोल दाबा आणि जरा पुढं झुकून ओठ आवळून लांब श्वास सोडा. सराव चालू असेल तर थांबून उजवा हात डोक्यावरून डावीकडं झुकवत दुखरी कूस ताणा. ज्याला जे लागू पडेल ते. डावा पाय पडताना श्वास सोडायची युक्ती बरेच जण सांगतात. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही, पण तिच्यामुळं श्वास लांब होत असेल तर करा. भरतीच्या दिवशी शेवटच्या राउंडला कळ आली तर थांबू नका, थोडं हळू पळत दाबून धरा. शेवटचे 200 मीटर बहुधा निभावतात.

ही कळ धावणं थांबवल्यावर काही मिनिटांत ओसरते, फार तर थोडा हुळहुळेपणा उरतो. थांबूनही तासभर तशीच राहिली, न धावताही येऊ लागली, सोबत ताप किंवा उलटी असली तर डॉक्टरकडं जा. आणि चाळिशीपुढच्या कुणाला धावताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला, घाम फुटला, तर कूस ताणत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.