टायर लिव्हरने टायर बदलताना जोर लागतोय म्हणजे बीड चुकीच्या जागी आहे

बाइकचं मागचं टायर बदलायचं होतं, साइज 130/70-17, अलॉय रिम, ट्यूबलेस. दुकानात मशीनवर अर्ध्या तासाचं काम आहे हे मान्य, पण मला ते हाताने कसं होतं हे एकदा नीट समजून घ्यायचं होतं. सामान फार नाही लागत, तीन टायर लिव्हर (टोकं गोल घासलेली, धारदार नकोत), रिमच्या कडेला लावायचे प्लास्टिकचे प्रोटेक्टर, वॉल्व्हची पिन काढायची चावी, साबणाचं घट्ट पाणी आणि ब्रश. टायर आधी तासभर उन्हात ठेवलं, गरम रबर बरंच ऐकतं.

चाक काढलं की ते जमिनीवर सरळ टाकू नका, खाली दोन लाकडी ठोकळे किंवा जुनं टायर ठेवा, नाहीतर सगळा भार डिस्कवर येतो आणि डिस्क वाकली की ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मग वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. हवा गेली तरी बीड, म्हणजे टायरची रिमला धरून बसणारी आतली कड, जागचं हलत नाही, कारण ट्यूबलेस रिमवर बीड बसतं त्याच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो, पंक्चर झालं तरी टायर लगेच आत घसरू नये म्हणून. तो उंचवटा ओलांडून बीड आत ढकलायला मी मोठा सी-क्लॅम्प वापरला, टायरच्या बाजूला कडेच्या अगदी जवळ लावून आवळायचा, साबणपाणी सोडायचं, थोडं पुढे सरकायचं. एका ठिकाणी बीड सुटलं की बाकीचं पायाने दाबलं तरी सुटतं, आणि हे दोन्ही बाजूंनी करायचं, एकच बाजू सोडवून लिव्हर घातल्या तर पुढचं काहीच जमत नाही.

आता मुख्य गोष्ट. बीडच्या आत स्टीलच्या तारा असतात आणि त्या ताणल्या जात नाहीत, अजिबात नाही. रबर लवचिक आहे म्हणून आपल्याला वाटतं की जोर लावला की टायर ताणून रिमवरून येईल, पण रिमची कड बीडच्या बैठकीपेक्षा सगळीकडून साधारण दीड सेंटिमीटर उंच असते, म्हणजे व्यासात तीनेक सेंटिमीटरचा फरक, तेवढी तार कोण ताणणार. म्हणूनच रिमच्या मधोमध तो खोलगट पन्हळ असतो. समोरच्या बाजूचं बीड त्या पन्हळात उतरवलं की आपल्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि मग लिव्हर एका हाताने फिरते. माझ्या मते लिव्हरचं सगळं काम हे एवढंच आहे, बाकी फक्त सावकाशपणा. काही रिममध्ये हा पन्हळ मधोमध नसून एका कडेकडे सरकलेला असतो, अशा वेळी टायर त्याच बाजूने काढायचं आणि घालायचंही त्याच बाजूने.

काढताना वॉल्व्हच्या बाजूने सुरुवात केली, समोरच्या बाजूवर गुडघे टेकवून बीड पन्हळात दाबून ठेवलं. पहिली लिव्हर घातली, मग तिच्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर दुसरी, मग तिसरी. एकदम मोठा घास घ्यायचा नाही, एका हाताच्या अंतरावर लिव्हर घातली तर तार तिथे कोनात वाकते, आणि वाकलेली तार परत सरळ होत नाही, ते टायर मग रिमवर कधीच नीट बसणार नाही.

जुनं टायर निघालं की रिमवर बीड बसतं ती जागा कापडाने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ केली, तिथे रबराची काळी साय चिकटलेली असते. रबरी वॉल्व्हही नवीन घातला, टायर उघडलेलंच आहे तर जुना कशाला ठेवायचा. नव्या टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना ते बघितलं, आणि पिवळा ठिपका होता तो वॉल्व्हपाशी आणला, तो टायरचा हलका भाग असतो.

खालचं बीड तर साबणपाणी लावून जवळजवळ हातानेच गेलं. वरचं बीड वॉल्व्हच्या समोरून सुरू करून दोन्हीकडून वॉल्व्हकडे आणलं, आणि शेवटची साधारण वीतभर जागा राहिली तिथे अडलं. लिव्हर उचलायला गेलो तर दोन हात लावूनही हलेना. इथेच बहुतेक लोक लांब पाइप शोधतात आणि बीड फाडतात. मी लिव्हर तशीच सोडून समोर बघितलं तर, बीड पन्हळातून बाहेर निघून पुन्हा वर सरकलं होतं. हे होतंच, इकडे ओढलं की तिकडचं वर येतं, म्हणून प्रत्येक घासानंतर समोर परत दाबायचं. दोन्ही गुडघे ठेवून समोरचं आणि बाजूचं बीड खाली बसवलं, राहिलेल्या जागेला अजून साबणपाणी लावलं, आणि लिव्हर दोन-दोन सेंटिमीटर सरकवत नेली तर शेवटचा भाग टपकन आत गेला.

स्पोकच्या रिमवर आत ट्यूब असेल तर इथेच ती चिमटते, लिव्हर आणि रिमच्या मध्ये सापडून. त्यासाठी ट्यूबमध्ये जेमतेम गोल आकार येईल इतकी हवा आधीच भरून ठेवायची, लिव्हरचं टोक कडेखाली लागेल एवढंच आत घालायचं, आणि शेवट वॉल्व्हपाशी करायचा पण त्याआधी वॉल्व्ह आत ढकलून बघायचा की ट्यूब बीडखाली तर नाही. लिव्हर घातल्यावर काहीतरी मऊ आणि दबकं लागतंय असं वाटलं तर काढून परत घाला, टणक कडच लागली पाहिजे.

हवा भरताना पिन बाहेरच ठेवली, म्हणजे हवा एकदम जाते आणि बीड लवकर पकडतं. पकडत नसेल तर टायरच्या मधल्या घेराला पट्टा आवळायचा, बाजू बाहेर फुगतात. आधी एक फटाक, थोड्या वेळाने दुसरा, उंचवट्यावरून बीड चढल्याचा आवाज. टायरच्या बाजूवर बीड बसवताना जास्तीत जास्त किती हवा ते लिहिलेलं असतं, बहुतेकदा 40 पीएसआय, त्याच्यावर जायचं नाही आणि चेहरा टायरवर आणायचा नाही. माझ्याकडे दोन आवाज झाले तरी बाजूवरची बारीक रेष, जी रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी, ती एका जागी कडेखाली बुडलेली होती. हवा सोडली, तेवढ्या भागाला साबणपाणी चोपडलं, परत भरली, तिसरा लहान आवाज आला आणि रेष सारखी झाली. मग पिन लावली, हवा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणली आणि दोन्ही कडांवर फेस फिरवून बघितला. सलग बारीक बुडबुडे एकाच जागी आले असते तर तिथे बीडला लिव्हर लागलेली आहे किंवा रिमवर घाण राहिलेली आहे, पण आले नाहीत, म्हणून चाक एक्सलवर टांगून बॅलन्सला घेतलं.