पेज ॲक

"टाकीचा अलार्म स्क्रीनवर आला होता ना? मग तुला दिसला कसा नाही?"

आला होता. 3:12 ला कंट्रोल रूममध्ये मीच तो ॲक केलाय, म्हणजे "पाहिला" असं बटण दाबलंय, लॉगमध्ये माझं लॉगिन आहे. दिसला मात्र नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

3:09 ला पॉवर डिप आला. निम्म्या मोटारी बसल्या, आणि बसलेल्या प्रत्येक पंपाने आपापला लो फ्लो, लो प्रेशर ओरडून सांगितला. पंपच बंद, तर फ्लो कुठून असणार? त्यात कूलिंग वॉटरचं हेडर प्रेशर नेमकं 3 किलोवर लोंबकळत होतं. अलार्मही तिथेच लावलेला. 2.98 झालं की आला, 3.01 झालं की गेला. पंधरा मिनिटांत एकूण 190 अलार्म आले, त्यातले 71 या एकट्या टॅगचे. दर वेळी तो यादीच्या शेंड्यावर उगवायचा आणि बाकीचे खाली ढकलले जायचे. हूटर थांबेना, कानावर फोन. मी पेज ॲक मारत सुटलो. एका दाबात वीस ओळी गप्प.

त्या वीसांत कॉस्टिक सोड्याच्या टाकीची हाय लेव्हल होती. बाहेर नेणारा पंप बसला होता. भरणारा दुसऱ्या फीडरवर, तो चालूच राहिला. टाकी भरली की पंप आपोआप थांबवणारा इंटरलॉक नाही. भरून वाहायला बारा मिनिटं लागली, म्हणजे बारा मिनिटं माझ्या हातात होती. 3:24 ला वॉकीटॉकीवर हेल्परचा आवाज आला. आवाज नव्हे, किंकाळी. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

आता कबुली. त्या प्रेशरचा डेडबँड, म्हणजे अलार्म येण्याच्या आणि जाण्याच्या आकड्यांतलं अंतर, शून्य मीच ठेवला होता, कमिशनिंगच्या वेळी. डेडबँड म्हणजे झाकाझाकी, असं ठणकावून सांगायचो. आज तो 0.12 आहे, 0 ते 6 च्या रेंजचा दोन टक्के. 3 ला आलेला अलार्म 3.12 झाल्याशिवाय जात नाही, मधलं थरथरणं ऐकू येत नाही. पण 71 चा एक झाला तरी 120 उरतातच. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की त्याला पूर म्हणतात, आणि पूर डेडबँडने ओसरत नाही. 1994 साली वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला रिफायनरीतल्या स्फोटाआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. हा आकडा मला ट्रेनिंगमध्ये तोंडपाठ होता.

आता बंद पंपाचा लो फ्लो आपोआप दाबला जातो. बरं वाटतं. पण पंप चालू असताना, तो चालू की बंद हे कळवणारा रन फीडबॅकचा रिले चिकटून "बंद" दाखवत राहिला तर खरा अलार्मही दाबला जाईल. या मुद्द्यावर मी स्वतःशीच अजून भांडतो.

राहिली प्रायॉरिटी. टाकीच्या अलार्मची "लो" होती, कारण लेव्हल हळू चढते. हाय प्रायॉरिटी शंभरात पाचांनाच द्यायची, असा दंडक. आमच्याकडे निम्मे हाय, कारण प्रत्येक चौकशीनंतर एक वाढतो. ते उतरवायला आता मीटिंगा चालू आहेत. त्या टाकीला हाय करा, असा अर्ज मीही दिलाय.