पत्रातला दुसरा तक्ता

जूनमध्ये शाळा सुरू होऊन वर्ग जरा स्थिरावला, की वर्गशिक्षिकेने पालकांना पहिल्या सत्राचे पत्र पाठवायचे असते. ठाण्यातल्या आमच्या मराठी शाळेत सहावीच्या वर्गासाठी ते मी लिहिते. ‘मा. पालक, सप्रेम नमस्कार’ हा मायना आणि ‘आपले सहकार्य अपेक्षित आहे’ हा शेवट पिढ्यान्‌पिढ्या तसाच चालत आला आहे. त्यांच्यामध्ये दोन तक्ते असतात, एक परीक्षांच्या तारखांचा आणि दुसरा उपक्रमांचा. पालक पहिला तक्ता फ्रिजवर लावतात. दुसरा वाचला जातो तो बहुधा पांढरा गणवेश कोणत्या दिवशी हवा, एवढे पाहण्यापुरता.

खरे तर सहावीच्या गुणपत्रकात या दोन्ही तक्त्यांचे वजन सारखेच असते. लेखी परीक्षा असलेल्या प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी ५० संकलित मूल्यमापनाचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. त्यातही लेखी पेपर ४० गुणांचा आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक १० गुणांचे. उरलेले ५० आकारिक मूल्यमापनाचे, आणि ते प्रकल्प, उपक्रम, प्रयोग, स्वाध्याय, छोट्या चाचण्या यांतून सत्रभर थोडे थोडे जमत जातात. समजा, एका मुलाला विज्ञानाच्या लेखीत ३६ आणि प्रात्यक्षिकात ९ गुण मिळाले, पण प्रकल्प न दिल्यामुळे आकारिकमध्ये तो २९ वर अडकला, तर बेरीज ७४ होते आणि श्रेणी ब-१ येते. त्याच्याच बाकावरच्या मुलीचे लेखीत ३१ आणि प्रात्यक्षिकात ८ असले, तरी आकारिकमधल्या ४५ गुणांच्या जोरावर ती ८४ पर्यंत, म्हणजे अ-२ श्रेणीपर्यंत पोहोचते. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याचे वडील पेपर मागून घेतात, त्यातला गुण अन् गुण मोजून पाहतात आणि विचारतात, “बाई, पेपर तर चांगला गेलाय, मग हे कसं काय?” उत्तर पेपरात नसतेच.

दुसऱ्या तक्त्यातल्या काही ओळी अशा असतात, की त्या आदल्या रात्री जागून उरकता येत नाहीत. ‘आपल्या इमारतीतील ओला व सुका कचरा : आठ दिवसांची नोंद’ हा माझा आवडता प्रकल्प. तो एकाच संध्याकाळी भरलेला असेल, तर वही उघडताच कळते. आठही दिवसांची शाई एकच, अक्षराचा कल एकच आणि आकडे इतके शहाणे, की रविवारी ओला कचरा जरासुद्धा वाढलेला नसतो. खरी नोंद ओबडधोबड असते. तिच्यात एखाद्या दिवशी ‘सफाईवाले काका आले नाहीत’ असे लिहिलेले असते, आणि मला गुण द्यायला तेवढे वाक्य फार उपयोगी पडते.

तारखा ठरवताना आधी पंचांग पाहावे लागते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते आणि तिच्यामागोमाग दसरा-दिवाळी व सत्र परीक्षाही पुढे सरकतात. आमच्या वर्गातली निम्मी मुले गणपतीला कोकणात जातात. शाळेची सुट्टी संपली, तरी परतीचे तिकीट मिळेपर्यंत ती गावीच असतात, म्हणून त्या आठवड्यात मी तोंडी परीक्षा ठेवत नाही. पावसाचे मात्र पंचांग नसते. घटक चाचणीच्या दिवशीच जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली, तर तो पेपर दुसऱ्या दिवशी न घेता वेळापत्रकाच्या अखेरीस घेतला जाईल, असे मी पत्रात ठळक अक्षरांत लिहिते. कारण मुलांनी दुसऱ्या दिवसाच्या विषयाचा अभ्यास केलेला असतो आणि सगळेच पेपर एकेक दिवस पुढे ढकलले, की कोणता पेपर कधी, याचा घरोघरी घोळ होतो. एवढे लिहूनही त्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर तोच प्रश्न वीस वेळा येतो, हा भाग निराळा.

यंदा मी दोन तक्ते ठेवलेच नाहीत. तारखांच्या क्रमाने एकच तक्ता केला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘आकारिक’ किंवा ‘संकलित’ असे लिहिले, त्यामुळे कचऱ्याची नोंद आणि गणिताचा पेपर एकाच रांगेत आले. मुख्याध्यापकांना ते जरा गिचमिड वाटले, पण त्यांनी सही केली. पत्र गेले त्याच संध्याकाळी कळव्याहून एका आईचा फोन आला. पेपरांबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. “बाई, आमच्या सोसायटीत ओला-सुका सगळा एकाच डब्यात जातो, मग नोंद कशी करायची?” असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना सांगितले, की आठ दिवस घरातला कचराच वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करा आणि सोसायटीत तो एकत्र होतो, हेही वहीत लिहा.